बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या छोट्या संस्थेनं फंडर आणि प्रोग्रॅम ऑफिसरशी ओळख कशी वाढवायची

आपल्याकडं संस्था चालवणाऱ्यांच्या ओळखी कुठं असतात बघा, कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई. शिक्षण तिकडं झालेलं असतं, पाव्हणे तिकडं, मित्र तिकडं नोकरीला, त्यामुळं देणगीसुद्धा तिकडूनच येते आणि मग ग्रँट पण तिकडूनच मिळेल असं वाटतं. पण ग्रँट देणाऱ्यांकडं जिल्ह्यांची यादी असते आणि ती यादी राज्यानुसार बनते. कोल्हापूर तासा-दोन तासांवर असलं तरी 'महाराष्ट्र' लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये बेळगाव बसत नाही. कंपन्यांना तर कायद्यातच आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंय, म्हणजे चाकणच्या कारखान्याला खानापुरात खर्च करायचा असेल तर आतमध्ये कारण लिहून पटवून द्यावं लागतं. तेव्हा पुण्याच्या ओळखी सोडू नका, पण नव्या ओळखी बेळगाव, हुबळी-धारवाड आणि बेंगळूरु या पट्ट्यात करायला लागतील. आणि त्यात एक अडचण अजून आहे. कर्नाटकात मोठे फंडर मागास भाग म्हटलं की कल्याण कर्नाटकाकडं बघतात, म्हणजे बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर वगैरे. बीदरकडच्या मराठी भागातल्या संस्थांना त्याचा फायदा होतो, बेळगावला नाही. केंद्राच्या आकांक्षी जिल्ह्यांतसुद्धा कर्नाटकातले रायचूर आणि यादगीर आहेत, आपण नाही. कागदावर बेळगाव म्हणजे साखर कारखाने, फाउंड्री, कॉलेजं असलेला बऱ्या स्थितीतला जिल्हा. म्हणून आपल्याला पहिल्या दिवसापासून जिल्ह्याचं नाव मागं ठेवून तालुक्याचं बोलायला लागतं.

हे सगळं एका उदाहरणावरनं सांगतो म्हणजे सोपं जाईल. धरून चालू की खानापूर तालुक्यात एक ट्रस्ट आहे, सहा गावांत संध्याकाळचे वर्ग चालवतो. मुलं सातवीपर्यंत मराठी माध्यमात असतात, आठवीला जवळचं हायस्कूल कन्नड माध्यमाचं, आणि तिथं पोरं गप्प होतात, मग काही शाळा सोडतात. वर्गात पाचवी ते सातवीच्या मुलांना कन्नड वाचन-लेखन शिकवतात. १५० मुलं, वर्षाचा खर्च ९ लाख, त्यातले ४ लाख गावातनं आणि ओळखीच्यांकडनं जमतात. बाकीच्या ५ लाखांसाठी धावपळ.

प्रोग्रॅम ऑफिसरच्या हातात काय असतं

हे नीट कळलं नाही तर पुढचं सगळं वाकडं जातं. प्रोग्रॅम ऑफिसर पैसे मंजूर करत नाही. तो संस्था शोधतो, बोलतो, गावात येऊन बघतो, कागद तपासतो आणि मग आतल्या कमिटीसाठी एक नोट लिहितो. त्या नोटमध्ये त्याला सांगायला लागतं की हीच संस्था का, हाच तालुका का, आणि पैसे बुडाले तर काय. म्हणजे तो तुमच्यासाठी स्वतःची पत पणाला लावतो. तुमच्या सगळ्या बोलण्याचा, मेलचा, भेटीचा उपयोग एवढाच की त्याला ती नोट लिहिता यावी. दुष्काळ किती भयंकर, गरिबी किती, हे त्याला माहीत असतं. त्याला हवं असतं ते असं काहीतरी की जूनमध्ये सातवीच्या ५४ मुलांपैकी ११ जणांना कन्नड परिच्छेद वाचता येत होता, मार्चमध्ये ३८ जणांना, आणि ही चाचणी शाळेच्या शिक्षकांसमोर घेतली. हे वाक्य तो जसंच्या तसं उचलू शकतो.

आणि सगळीकडं प्रोग्रॅम ऑफिसर असतोच असं नाही. उद्यमबाग, मच्छेकडच्या मध्यम कारखान्यांचं बघा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे (किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी) तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामावर, खर्च करायला लागतात. सरासरी नफा ६ कोटी असेल तर झाले १२ लाख. आणि ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर कमिटी लागत नाही, बोर्डच ठरवतं. बोर्ड म्हणजे बऱ्याचदा एकच कुटुंब. अशा ठिकाणी प्रोग्रॅम ऑफिसर शोधत बसू नका, कंपनी सेक्रेटरी किंवा अकाउंट्स बघणारा माणूस शोधा, कारण ३१ मार्चच्या आत पैसे खर्च दाखवायची काळजी त्याला असते. तुमच्या सीएला विचारा, बेळगावातले सीए अशा दोन-चार कंपन्या तरी ओळखत असतात. आणि ही ओळख सगळ्यात स्वस्तात होते, एक चहा.

दारात जायच्या आधी कागद

इथं लवकर आटपतो. आयकर खात्याकडची १२ए, ८०जी नोंदणी, आणि सीएसआरचे पैसे घ्यायचे तर सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नंबर, हा १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. कंपनीबाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे कालच रजिस्टर केलेल्या ट्रस्टला कंपनीचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी पैसे देता येत नाहीत. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि ट्रस्ट डीड मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, एवढं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायला पाहिजे. परदेशी देणगी घ्यायला लागणारं एफसीआरए रजिस्ट्रेशन नसेल तर परदेशी पैशाच्या मागं लागू नका. रजिस्ट्रेशनसाठी तीन वर्षं अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था तिला मिळालेला परदेशी पैसा आपल्यासारख्या छोट्या संस्थेला पुढं देऊ शकत नाही. त्यामुळं पुण्या-दिल्लीतली मोठी संस्था प्रेमानं म्हणाली की आम्ही तुम्हाला सोबत घेऊ, तर पहिला प्रश्न हाच विचारा की हा पैसा देशातला आहे का. याच्यात संस्थांची वर्षं वाया गेलेली बघितलीत.

नावं कशी काढायची

csr.gov.in वर कंपन्यांचा सीएसआर खर्च राज्यवार, जिल्हावार बघता येतो. कर्नाटक, मग बेळगाव काढा. आकडे मागच्या वर्षांचे असतात आणि बऱ्याच खर्चापुढं जिल्हा लिहिलेलाच नसतो, म्हणून त्या यादीला पूर्ण समजू नका, सुरुवात समजा. मग ज्यांची जिल्ह्यात उपस्थिती आहे त्या कंपन्या जोडा. बेळगावात हिंदाल्कोचा कारखाना आहे, हत्तरगीला एक्वस, मुनवळ्ळीला रेणुका शुगर्स, कागवाड भागात उगार शुगर, पलीकडं दांडेलीला वेस्ट कोस्ट पेपर. बँकाही बघा. प्रत्येकीच्या वेबसाइटवर सीएसआर पॉलिसी आणि बोर्डानं मंजूर केलेले प्रकल्प टाकायला लागतात, ते उघडून वाचा. त्यात शिक्षणाचं काही आहे का, आणि ते काम कोणत्या संस्थेकडनं करून घेतलंय हे शोधा. नाव पानावर नसेल तर शाळेत जाऊन विचारलं की कळतं, बोर्ड लावलेला असतोच.

ही राबवणारी संस्था म्हणजे खरा दरवाजा. नवखी माणसं थेट सीएसआर हेडला लिंक्डइनवर मेसेज टाकत बसतात, तो शंभरातला एक वाचतो. पण ज्या संस्थेला तिथून दोन-तीन वर्षं पैसे मिळताहेत तिचा संस्थापक बैलहोंगल किंवा धारवाडला बसलेला असतो, त्याला फोन करून भेटायला जाता येतं. त्याला काय विचारायचं तर, तो फंडर कसा आहे, रिपोर्ट किती मागतो, हप्ते वेळेवर देतो का, आणि शिक्षण कोण बघतं. ओळख करून द्या असं पहिल्याच भेटीत म्हणू नका. आधी त्याच्या उपयोगाचं काहीतरी करा, तुमच्या गावात त्याला सर्व्हे करायचा असेल तर मदतीला तरुण मुलं द्या, तुमची चाचणीची पद्धत द्या. कामाचा भाग वेगळा असेल, तो बैलहोंगलला आणि तुम्ही खानापूरला, तर तो तुम्हाला स्पर्धक समजत नाही. पुढं तो स्वतःच म्हणतो की थांबा, मी मॅडमना मेल टाकतो. ही एक ओळ अनोळखी पन्नास मेलला भारी पडते.

अजून दोन ठिकाणं. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक, डीडीएम म्हणतात त्यांना. तुमचं काम शिक्षणाचं असेल तर त्यांच्याकडनं पैसे येणार नाहीत, पण शेती, बचतगट, पाणलोट असेल तर नक्की भेटा, आणि जिल्ह्यात कोण काय करतंय याची माहिती त्यांच्याकडं असतेच. दुसरं हुबळीचं देशपांडे फाउंडेशन. त्यांचा डेव्हलपमेंट डायलॉग नावाचा मेळावा भरत आलाय, तिथं बेंगळूरु-मुंबईचे फंडर येतात. अशा ठिकाणी स्टेजवरच्या मोठ्या माणसाभोवती गर्दी असते, तुम्ही मागच्या रांगेत वही घेऊन बसलेली तिशीतली माणसं बघा, प्रोग्रॅम ऑफिसर तेच असतात.

पहिला मेल आणि पहिला फोन

मेल छोटा पाहिजे, मोबाईलवर एका नजरेत वाचून व्हायला हवा. इंग्रजीत लिहा, समोरचा कन्नड असेल आणि तुमच्यात कुणाला चांगलं कन्नड येत असेल तर कन्नडमध्येही चालतं. आपल्या ट्रस्टचा मेल मराठीत सांगायचा तर साधारण असा:

"विषय: खानापूर तालुका, मराठी शाळेतून कन्नड हायस्कूलला जाणारी मुलं, २० मिनिटं बोलायचं आहे

नमस्कार मॅडम. बैलहोंगलच्या सरांनी तुमचं नाव सुचवलं, ते या मेलमध्ये आहेत. आम्ही खानापूर तालुक्यातल्या सहा गावांत १५० मुलांना आठवीच्या आधी कन्नड वाचायला-लिहायला शिकवतो. गेल्या वर्षी सातवीच्या ५४ मुलांपैकी परिच्छेद वाचणारी ११ ची ३८ झाली. वर्षाचा खर्च ९ लाख आहे, ४ लाख स्थानिक देणगीतून येतात. आज निधीसाठी लिहीत नाही. तुमच्या शिक्षणाच्या कामात हा भाग आणि हा प्रश्न बसतो का एवढं समजून घ्यायचं आहे. पुढच्या पंधरवड्यात २० मिनिटं मिळतील का?"

सोबत एकच पान जोडा. बारा पानांचं ब्रोशर, पुरस्काराचे फोटो, पालकमंत्र्यांसोबतचा फोटो, काही नको. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली दोन ओळी लिहा, त्यानंतर गप्प बसा आणि तीन महिन्यांनी नवीन माहिती घेऊन परत लिहा.

फोन झाला की आपली माणसं पंधरा मिनिटं संस्थेचा इतिहास सांगतात. तो मोह आवरा, पाच मिनिटांत काम सांगा आणि विचारायला लागा. बेळगाव तुमच्या जिल्ह्यांच्या यादीत आहे का, नसेल तर ती यादी कोण बदलतं आणि कधी? नवीन संस्थेला पहिल्या वर्षी साधारण किती रकमेनं सुरुवात करता? पगाराला पैसे देता का, की फक्त साहित्याला? (हा प्रश्न आपल्या ट्रस्टसाठी महत्त्वाचा, कारण ९ लाखांतले ६ लाख १२ हजार हे सहा शिक्षिका आणि एका सुपरवायझरच्या मानधनाचे आहेत. जो फंडर मानधन देत नाही त्याच्यामागं फिरून काय उपयोग.) पुढच्या वर्षाचा आराखडा कधी बनतो? आणि शेवटी, तुमच्याकडं बसत नसेल तर हा विषय कोण घेईल असं तुम्हाला वाटतं? या शेवटच्या प्रश्नावर प्रोग्रॅम ऑफिसर मोकळेपणानं बोलतात, त्यांची एकमेकांत चांगली ओळख असते, आणि नकारातनं पुढचं नाव मिळतं.

यादीचा प्रश्न निघाला की तालुक्याची माहिती तयार पाहिजे. कर्नाटकात नंजुंडप्पा समितीनं २००२ च्या अहवालात तालुकावार मागासलेपण मोजलेलं आहे, तो बेंगळूरुच्या फंडरला माहीत असतो, त्यात तुमचा तालुका कुठल्या गटात आहे ते बघून ठेवा. त्याच्या जोडीला तुमच्या सहा गावांची स्वतः जमवलेली आकडेवारी, हायस्कूल किती किलोमीटरवर, बस कितीला, आठवीत किती मुलं गेली आणि दहावीला किती बसली.

सीमाप्रश्न

हे टाळून चालत नाही. बेंगळूरुच्या माणसाला खानापुरातली मराठी संस्था म्हटलं की मनात शंका येते, तो बोलून दाखवत नाही इतकंच. ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे पैसे द्यायच्या आधीच्या तपासणीत, विश्वस्तांची राजकीय पदं, फेसबुक पोस्ट सगळं बघितलं जातं. तुमचं वैयक्तिक मत तुमचं आहे, ते सोडायला कुणी सांगत नाही, पण संस्थेच्या पेजवर, लेटरहेडवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते नको. एखादा विश्वस्त महाराष्ट्र एकीकरण समितीचा किंवा पक्षाचा पदाधिकारी असेल तर ते तुम्हीच आधी सांगा, नंतर त्यांना दुसरीकडनं कळलं तर नोट तिथंच थांबते. संस्थेचं माहितीपत्रक कन्नडमध्येही असू द्या. आणि मुलांची घरची भाषा मराठी आहे हे अभिमानानं सांगा, लपवायचं काही कारण नाही, त्या भाषेचा आधार घेऊनच मुलं कन्नड लवकर शिकतात हे तर तुमच्या कामाचं मूळ आहे.

गावात बोलवताना

दोन-तीन वेळा बोलणं झालं आणि प्रोग्रॅम ऑफिसर मॅडमनं स्वतःहून ऑडिट रिपोर्ट, बजेट किंवा सीएसआर-१ नंबर मागितला की समजायचं गाडी पुढं सरकतीय. नुसतं "प्रपोजल पाठवून ठेवा" म्हणाली आणि एकही प्रश्न विचारला नाही, तर ते बहुतेक सौम्य नाही असतं, चार पानांच्या वर वेळ घालवू नका.

भेटीसाठी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या पश्चिमेकडं पाऊस असा असतो की ओढ्यापलीकडं गाडी जात नाही. १ नोव्हेंबरला इकडं राज्योत्सव आणि काळा दिवस, तो आठवडा सोडा. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरात खोली मिळत नाही आणि रस्त्यावर बंदोबस्त, तेही बघून ठेवा. बेंगळूरुहून येणारी व्यक्ती बहुतेक राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सकाळी उतरते, तिला आधी आंघोळ-नाष्ट्याला दोन तास द्या, वर्ग तर संध्याकाळीच असतो. दुपारी शाळेचे मुख्याध्यापक आणि दोन पालकांची घरं.

वर्गात काय करायचं नाही ते सांगतो. शाल, श्रीफळ, फेटा, स्वागतगीत, रांगेत उभी मुलं, पंचायत अध्यक्षाचं भाषण, हे काही नको, त्यात पाऊण तास जातो आणि तिला जे बघायचं ते राहतं. तिला मागच्या बाजूला खाली बसू द्या. मुलं नेहमीसारखी चुकत-माकत वाचू देत. हजेरी वही, चाचणीचे कागद हाताशी ठेवा, मागेल ते पान उघडून द्या, कोरं असेल तर कोरं आहे म्हणून सांगा. मग तुम्ही स्वतः बाहेर जा आणि शिक्षिकेला तिच्याशी एकटीला बोलू द्या. संस्थापक सतत मध्ये उत्तर देतो हे प्रोग्रॅम ऑफिसरच्या लगेच लक्षात येतं आणि ते नोटमध्ये जातं, संस्था एकाच माणसावर चालते असं. निघताना कुंद्याचा डबा हातात देऊ नका, बऱ्याच संस्थांत भेटवस्तू घेता येत नाही आणि तिला अवघड होतं. घरी भाकरी-पिठलं वाढा, ते पुरे.

दोन दिवसांत मेल, त्यात तिनं विचारलेल्या आणि तुम्हाला तिथं उत्तर न आलेल्या प्रश्नांची उत्तरं.

पैसे मागायची वेळ आणि रक्कम

कंपनीचा वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाभोवती फिरतो, त्यामुळं पुढच्या एप्रिलसाठीचं बोलणं नोव्हेंबर ते जानेवारीत व्हायला पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी उरलेल्या रकमेचा फोन येतो, दहा दिवसांत कागद द्या म्हणतात. सगळं तयार असेल तर घ्या, पण त्यावर पगार उभे करू नका, पुढच्या वर्षी तो पैसा असेलच असं नाही. पुस्तकं, साहित्य, शिक्षिकांचं प्रशिक्षण अशा एकदाच होणाऱ्या खर्चाला लावा.

आपल्या ट्रस्टनं पहिल्यांदा ५ लाख मागावेत का? माझं मत, नाही. सहापैकी दोन गावांचा पूर्ण खर्च मागा, म्हणजे ३ लाख, आणि त्यात ऑफिस, अकाउंट्सचा वाटा धरूनच मागा. ९ लाखांत तो ९० हजार असेल तर दोन गावांचे ३० हजार. हा वाटा लाजेनं गाळला की वर्षअखेर अकाउंटंटचे पैसे संस्थापकाच्या खिशातनं जातात. दोन गावं दिली की तिला नोट लिहायला सोपं, जोखीम कमी, आणि वर्षानं बाकीच्या चार गावांशी तुलनाही दाखवता येते. उरलेले २ लाख उद्यमबागकडच्या कंपनीकडनं बघा, म्हणजे एकाच्या भरवशावर सगळं राहत नाही.

याच काळात तुम्हाला एजंट भेटतील. सीएसआर आणून देतो, पंधरा टक्के द्या, किंवा आलेल्यातले थोडे रोख परत करा. कितीही ओळखीचा असला तरी उठून या. खरा प्रोग्रॅम ऑफिसर असं कधी मागत नाही, आणि एकदा हिशोबात असली एंट्री आली की पुढच्या प्रत्येक फंडरच्या तपासणीत ती निघते.

नाही म्हटल्यावर, आणि हो म्हटल्यावर सुद्धा

नकार आला तर आठवड्याभरानं एकच विचारा, अडचण भागाची होती, विषयाची, रकमेची की आमच्या कागदांची? भागाची असेल तर यादी बदलायच्या वेळेला परत लिहायचं. कागदांची असेल तर ते दुरुस्त करून कळवायचं. आणि दर तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी एकदा तरी बोलणं झालंय अशा सगळ्यांना पाच-सहा ओळी पाठवा, ज्यात मागणी काही नाही. पावसामुळं दोन गावांत वर्ग तीन आठवडे बंद होते, मग सुट्टीत भरून काढले, एवढं सुद्धा चालतं. बिघडलेलं लपवत नाही असा माणूस त्यांना फार कमी भेटतो.

यासाठी एक साधी गुगल शीट ठेवा, नाव, संस्था, कोणी ओळख करून दिली, शेवटचं बोलणं कधी आणि काय, पुढं काय पाठवायचं. संस्थापकाच्या मोबाईलमध्ये नको, सुपरवायझरलाही ती उघडता आली पाहिजे.

कारण प्रोग्रॅम ऑफिसर नोकरी बदलतात, फार बदलतात. ग्रँट चालू असतानाच त्यांच्या वरच्या किंवा शेजारच्या एका माणसाला तिमाही रिपोर्ट पाठवत जा, म्हणजे तिथं दुसरं नाव तयार होतं. मॅडम सोडून चालल्या असं कळलं की त्याच आठवड्यात फोन करून नव्या माणसाशी ओळख करून द्यायला सांगा, आणि हातात असेल तर त्यांच्याकडनं चालू कामाबद्दल एक मेल लिहून घ्या, कारण तोंडी कबूल केलेलं दुसरं वर्ष फाइलमध्ये कुठंच नसतं. त्यांचा नवा पत्ता शीटमध्ये टाका. सहा महिन्यांनी त्या नव्या ठिकाणी रुळल्या की तिमाही ओळी तिकडं जाऊ देत.